जॉर्जियाची गाय, चिलीची बस

रविवारी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी कसबा पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमधले दिवे मालवले. सहा वाजून सात मिनिटांनी पडद्यावर जॉर्जिया देशातल्या एका डोंगराळ गावातली बाई गोठ्यात शिरली. गाईच्या पाठीवरून हात फिरवून ती धार काढायला बसली, आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजीत ओळ उमटली : 'मागच्या दाराने चढू नका.'

हॉलमध्ये सत्तेचाळीस माणसं होती. पुढची सत्तर मिनिटं त्या ओळीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, रविवार चित्रमंडळाचे चिटणीस रंगनाथ दातार बसले होते. त्यांनी मान हलवली. ही मान ते नव्याण्णव टक्के सिनेमांना हलवत. रंगनाथराव वेधशाळेतून निवृत्त झाले होते आणि गेली एकोणीस वर्षं मंडळाची टिपणं लिहीत होते. सिनेमा सुरू होण्याआधी प्रत्येक सभासदाच्या हातात एक पान पडे : सिनेमाचं नाव, देश, लांबी, आणि खाली चार परिच्छेद रसग्रहण. चौथा परिच्छेद नेहमी 'थोडक्यात' या शब्दाने सुरू होऊन सगळ्यांत लांब असे. ही टिपणं रंगनाथराव सिनेमा बघण्याआधी लिहीत. वेधशाळेत अंदाज निदान नोंदींवरून तरी बांधत असत. रंगनाथरावांचा अंदाज महोत्सवाच्या माहितीपुस्तकातल्या सहा ओळी आणि एका छायाचित्रावर उभा असे. हे गुपित त्यांनी जिवापाड जपलं होतं.

या पाच रविवारांची मालिका मात्र त्यांची नव्हती. ती त्यांच्या पत्नीची, श्यामलाबाईंची होती. पावसाळ्याआधी कपाट आवरताना श्यामलाबाईंनी एकोणीस वर्षांची सगळी टिपणं काढली, चष्मा पुसला आणि मोजणी केली. सहाशे अकरा सिनेमे. त्यांतले बायकांनी दिग्दर्शित केलेले तेवीस.

"तेवीस काही कमी नाहीत," रंगनाथराव म्हणाले होते.

"पेशवाईवरचे एकतीस आहेत," श्यामलाबाई म्हणाल्या.

कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांनी हा आकडा मांडला. अध्यक्ष अवधूत पारसनीस यांनी एका महाविद्यालयात तेहतीस वर्षं सौंदर्यशास्त्र शिकवलं होतं. ते म्हणाले, "वहिनी, कलाकृतीला स्त्री-पुरुष नसतं."

"कलाकृतीला नसतं, सर. कॅमेऱ्याला उंची असते. तो कुठे ठेवायचा हे कुणीतरी ठरवतं. सहाशे अकरापैकी पाचशे अठ्ठ्याऐंशी वेळा ते पुरुषानेच ठरवलंय. आपण एकाच खिडकीतून रस्ता बघतोय आणि म्हणतोय, रस्ता एवढाच आहे."

शेवटी असं ठरलं की पाच रविवार द्यावेत. पाच देश, पाच दिग्दर्शिका. ते जमले तर पुढच्या वर्षीची निवड श्यामलाबाईंनी करायची, नाहीतर मंडळाने पूर्वपदावर यायचं. श्यामलाबाईंनी चार महिने पत्रव्यवहार केला. परदेशी महोत्सवांच्या याद्या चाळल्या, दिग्दर्शिकांचे पत्ते शोधले, प्रत्येकीला ई-मेल लिहिलं : आम्ही पुण्यातलं छोटं मंडळ आहोत, फक्त सभासदांना दाखवतो, तिकीट लावत नाही. कुणी होकार दिला, कुणी वितरकाकडे बोट दाखवलं, एकीने तीन आठवड्यांनी मुलाला गोवर झाल्याचं सांगून माफी मागितली आणि सिनेमा फुकट दिला. होकार आला की सिनेमा लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा दुवा यायचा, त्याचा पासवर्ड वेगळ्या पत्रात, आणि अट : एकच खेळ, दुसरी प्रत काढायची नाही. इंग्रजी सबटायटलची फाईल बहुधा वेगळी यायची.

पहिल्या रविवारी सेनेगलचा सिनेमा झाला. मासळीबाजारातल्या तीन बायकांचा. कॅमेरा अख्खा वेळ बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या पातळीवर होता, त्यामुळे उभ्या गिऱ्हाइकांची फक्त पोटं दिसत. पारसनीस सर म्हणाले, "काही घडतच नाही." मागच्या रांगेतून नम्रता फडणीस म्हणाल्या, "सर, तिने दुकान बदललं, नवरा बदलला आणि भाव बदलला. आणखी काय घडायला हवं होतं?" दुसऱ्या रविवारी जपानचा झाला. तो सासूच्या आजारपणाचा होता आणि त्यात आजारी सासूपेक्षा चादरी जास्त दिसल्या. घरी आजारी माणूस सांभाळलेल्या बायका शेवटी डोळे पुसत होत्या. पुरुष चादरींचा अर्थ विचारत होते.

तिसरा जॉर्जियाचा. चौथा चिलीचा : व्हॅल्पराइझो शहरातल्या चढउतारांवर बस चालवणाऱ्या बाईचा.

घोटाळ्याचं मूळ दोन आठवडे मागे, रंगनाथरावांच्या व्यवस्थितपणात होतं. श्यामलाबाईंनी त्यांना एकच सूचना दिली होती : "अहो, फाइलींना हात लावू नका. तनया बघेल." तनया धायरीत राहणारी, हिंजवडीत नोकरी करणारी मंडळाची सर्वांत तरुण सभासद. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर तिच्याकडे असे. परंतु रंगनाथरावांनी सहज म्हणून तो लॅपटॉप उघडला आणि आतला पसारा पाहून त्यांना अस्वस्थ वाटलं. सिनेमांना भलतीच नावं होती. सबटायटलच्या फाइलींपैकी एकीचं नाव 'फायनल ४' आणि दुसरीचं 'फायनल खरंच फायनल' होतं. त्यांनी सगळ्यांना मंडळाच्या पद्धतीचे क्रमांक दिले : '३ जॉर्जिया', '४ चिली'. सबटायटलच्या फाइली न उघडताच, आधी आलेली आधी, या न्यायाने त्यांनाही तेच क्रमांक लावले. लॅपटॉपवरचा प्लेअर सिनेमाच्या नावाचीच सबटायटलची फाईल शेजारी दिसली तर ती आपोआप लावतो, कुणाला विचारत नाही. आणि चिलीच्या दिग्दर्शिकेने आपली सबटायटल जॉर्जियाच्या दिग्दर्शिकेआधी चार दिवस पाठवली होती.

तनया असती तर तिने पहिल्याच ओळीला खेळ थांबवला असता. पण त्या संध्याकाळी तिच्या कंपनीचं काहीतरी बंद पडलं होतं. सिनेमा सुरू करून ती कानाला हेडफोन लावून जिन्यात जाऊन बसली. जाताना आपल्या आजीला श्यामलाबाईंच्या शेजारी बसवून गेली.

"काकू, आज्जीकडे लक्ष द्या हं. घरी एकटी बोअर होते. तिला इंग्लिश वाचता येत नाही, मध्येमध्ये काही विचारेल."

"विचारू दे की," श्यामलाबाई म्हणाल्या.

आजीचं नाव मुक्ताई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. धायरी गाव होतं तेव्हा त्यांच्या दारात सहा म्हशी आणि दोन गाई होत्या. आता त्याच जागेवर बारा मजली इमारत होती आणि चौथ्या मजल्यावर मुक्ताई.

सिनेमा पुढे सरकत होता. जॉर्जियातल्या त्या घरात एक बाई, तिचा नवरा, म्हातारी सासू आणि एक गाय. माणसं कमी बोलत. चिलीची बसचालक बाईदेखील कमी बोलणारी निघाली, त्यामुळे ओळी अधूनमधूनच यायच्या, आणि यायच्या त्या बहुधा पडद्यावरचं तोंड मिटलेलं असताना. रंगनाथरावांना यात काही खटकलं नाही. माहितीपुस्तकात लिहिलं होतं, 'बोललेलं आणि न बोललेलं यांतल्या अंतराचा सिनेमा'. त्यावरून त्यांनी टिपणात आधीच लिहून टाकलं होतं : 'पात्रांच्या मिटल्या ओठांआडून त्यांचा आतला आवाज आपल्याला ऐकू येतो.' आता तो आतला आवाज समोर लेखी स्वरूपात येत होता. अंदाज इतका तंतोतंत खरा ठरल्याचं समाधान त्यांना नोकरीत एकदाही मिळालं नव्हतं.

सासू भाकरीसारखा जाड पाव कापत होती. खाली ओळ : 'पुढे सरका, पुढे जागा आहे.'

"वा," पारसनीस सर हळूच म्हणाले. "मृत्यू."

बाई आणि नवरा जेवायला बसले. बाईने नवऱ्याकडे पाहिलं. ओळ : 'हा माझा नेहमीचा मार्ग नाही.'

पारसनीस सरांनी वही काढली. त्यांच्यामागे आणखी चौघांनी काढली.

चौथ्या रांगेत मुक्ताई पदराआडून श्यामलाबाईंना काहीतरी सांगत होत्या. श्यामलाबाई एकदा अर्धवट उठल्या, दाराकडे पाहिलं. मुक्ताईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. रंगनाथरावांनी मागे वळून नजरेनेच दटावलं. वाचनालयाच्या भिंतीवर पाटी होती : 'सिनेमा चालू असताना बोलायचे असल्यास घरी बोलावे.' ती त्यांनीच लिहिली होती.

मग माहितीपुस्तकातलं ते छायाचित्र पडद्यावर हललं. पहाटेच्या गोठ्यात नवरा डोक्याला बायकोचा लाल फुलांचा रुमाल बांधून गाईजवळ बसला. रंगनाथराव सावरून बसले. या एका छायाचित्रावर त्यांनी तिसरा परिच्छेद अख्खा खर्ची घातला होता : 'स्त्रीचं वस्त्र परिधान करून पुरुष आपल्या सत्तेचं विसर्जन करतो. गाय येथे मौन पावलेल्या राष्ट्राचं प्रतीक आहे.' पडद्यावर गाय मागे सरली. ओळ आली : 'ब्रेक लागत नाहीयेत.'

गाय अत्यंत सावकाश मागे सरत होती.

पुढची ओळ : 'बाई बस चालवते हे आधी कळलं असतं तर चढलो नसतो.'

सात वाजून चौदा मिनिटांनी रंगनाथरावांना ते ब्रेक कुठले हे आठवलं. 'व्हॅल्पराइझोच्या तीव्र उतारावर जेव्हा बसचे ब्रेक निकामी होतात...' ही ओळ त्यांनी स्वतःच, परवाच, चौथ्या रविवारच्या टिपणात लिहिली होती. त्यांनी डोळे मिटले, उघडले. जॉर्जियाच्या बर्फाच्छादित डोंगरावर लिहिलेलं होतं : 'शेवटचा थांबा. सगळ्यांनी उतरायचं.'

ते वाकून, गुडघ्यांवर हात ठेवत हॉलबाहेर आले. जिन्यात तनया "येस, रोलबॅक करा, जुनंच परत लावा" असं कुणाला तरी सांगत होती. तिने हेडफोन काढला.

"काय झालं काका? लाईट गेले का?"

"गेले असते तर बरं झालं असतं," रंगनाथराव म्हणाले आणि सगळं सांगितलं.

तनयाने दाराच्या फटीतून पडदा पाहिला. तिचा चेहरा आधी गंभीर झाला, मग तिने तोंडावर हात धरला. "काका. सत्तर मिनिटं? आणि कोणी काहीच बोललं नाही?"

"सर म्हणाले, वा."

"बरं, मी आत्ता बदलते, दोन सेकंदांचं काम आहे."

"नको. वीस मिनिटं राहिलीत. आता बदललंस तर आधीची सत्तर चुकीची होती हे कळेल. श्यामलाच्या मालिकेचं काय होईल? सर टपूनच बसलेत. आणि तिने मला सांगितलं होतं, हात लावू नका म्हणून."

"पण काका, पावणेआठला डिरेक्टरचा व्हिडिओ कॉल आहे."

हे रंगनाथराव विसरले होते. जॉर्जियात तेव्हा सव्वासहा वाजणार होते आणि मारेखी नावाची दिग्दर्शिका पुण्याच्या रसिकांशी बोलायला खास वेळ काढून बसणार होती. रसिकांपैकी पाच जणांच्या वहीत बसबद्दल प्रश्न होते.

"नेट बंद पडलं असं सांगता येईल?"

"मोबाईलवरून लागेल म्हणतील. सगळ्यांकडे आहे."

रंगनाथरावांनी विचार केला. वेधशाळेतल्या वरिष्ठांनी त्यांना एक गोष्ट शिकवली होती : वादळ टळत नसेल तर निदान दिशा सांगावी. प्रश्नोत्तरांना पंधराच मिनिटं होती. ज्यांनी इंग्रजी ओळी वाचल्या त्यांना बोलू द्यायचं नाही. आणि हॉलमध्ये त्या ओळी न वाचलेलं माणूस एकच होतं.

सात वाजून छत्तीस मिनिटांनी दिवे लागले. सिनेमा संपला होता तो गोठ्यातच. नवरा रुमाल बांधून बसलेला, हात पुढे केलेला, गाय मान वळवून त्याच्याकडे बघते आहे. तेवढ्यात पडदा काळा. टाळ्या पडल्या. पारसनीस सर उभे राहू लागले.

"सर, आपलं शेवटी," रंगनाथराव लगबगीने म्हणाले. "ज्येष्ठतेप्रमाणे घेऊ. मुक्ताई, तुम्ही बोला. काय वाटलं?"

"मी?" मुक्ताईंनी तनयाकडे पाहिलं. "मला काय कळतंय बाबा. मला ती खालची अक्षरं वाचता येत न्हाईत."

"तेच उत्तम आहे. म्हणजे, जसं वाटलं तसं सांगा."

मुक्ताईंनी पदर सारखा केला. "तुमच्या कागदात काय लिवलंय, ही बाई नवऱ्याच्या मनाची वाट बघतीय?"

टिपणातल्या दुसऱ्या परिच्छेदाचा मथळा 'प्रतीक्षा' असा होता. रंगनाथरावांनी मान हलवली.

"ती काय वाट बघत न्हाई. ती निघालीया."

"कुठे?"

"कुठं ते मला काय ठावं. लांब. अवो, तिघांच्या घरात कुणी एवढं चीज घालतं का मिठात? पाच मडकी भरली. एका मडक्याला एक दोरा, दुसऱ्याला दोन दोरं, तिसऱ्याला तीन. म्हंजे आधी कंचं उघडायचं ते मागं राहणाऱ्याला कळावं. सासूची नखं काढली. नवऱ्याला चूल पेटवायला लावली आन् आपण बाजूला उभी राहिली, हात मागं बांधून. हात मागं का? तर मधी घालावासा वाटू नये म्हणून. आपल्या घरात ऱ्हाणारी बाई असं करती व्हय?"

पुढच्या रांगांतली माणसं खुर्च्या वळवून मागे बघू लागली.

"आणि तो रुमाल?" नम्रता फडणीसांनी विचारलं.

"तिचाच की. गाय दुसऱ्या हाताला पान्हा सोडत न्हाई. मग ज्या बाईचा हात माहीत हाय, तिचं कापड डोईला बांधायचं. वासानं भुलती. आमच्या मालकांनी माझं लुगडं गुंडाळलं होतं, मी बाळंतपणाला गेले तवा. गावात कुणाला बोलू नको म्हणाले. आज बोलले."

पारसनीस सरांनी टिपणातला तिसरा परिच्छेद पुन्हा वाचला आणि कागदाची घडी घातली.

तेवढ्यात लॅपटॉपवर घंटा वाजली. पडद्यावर साधारण चाळिशीची, आखूड केसांची बाई दिसली. मागे तिच्या स्वयंपाकघरातली किटली. तिने हात जोडून नमस्कार केला. तो बहुधा तिने तेवढ्यासाठी शिकून घेतला होता. तनयाने माईक धरला आणि मुक्ताईंचं बोलणं इंग्रजीत सांगितलं : मडकी, दोरे, मागे बांधलेले हात, रुमाल.

मारेखी जवळ सरकून बसली. मग म्हणाली की हा सिनेमा अकरा देशांत गेला. सगळीकडे विचारतात, ही बाई कशाची वाट बघते. तिची आई अशीच इटलीला गेली होती, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. तिच्या गावातल्या अर्ध्या घरांतून बायका अशाच गेल्या. जाणाऱ्या बाईबद्दल सगळे सिनेमे स्टेशनवर रडतात. तिला स्टेशन दाखवायचं नव्हतं. जाण्याआधीचा महिना दाखवायचा होता, कारण तो महिना तिने सात वर्षांची असताना पाहिला आणि तेव्हा काही कळलं नव्हतं. म्हणून कॅमेरा ओट्याच्या उंचीवर ठेवला. संकलकाने मडक्यांचा प्रसंग दोनदा कापला होता, म्हणाला यात काही घडत नाही. तिने दोन्ही वेळा परत लावला.

"ते दोरं तिला कळावं म्हणूनच होतं न्हवं? लहान पोरीला?" तनयाने हे मराठीत सांगितल्यावर मुक्ताईंनी विचारलं.

तनयाने भाषांतर केलं. मारेखीने होकारार्थी मान हलवली, आणि किटलीकडे वळून उगाच गॅस बारीक केला.

सात वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. दोनच मिनिटं काढायची होती. रंगनाथराव आभार मानण्यासाठी उठले. त्याच क्षणी पारसनीस सरांनी तनयाच्या हातून माईक घेतला. तेहतीस वर्षं वर्ग घेतलेल्या माणसाच्या हातून माईक काढता येत नाही.

"मॅडम, एकच," ते इंग्रजीत म्हणाले. "आपण संपूर्ण सिनेमाभर बसचं रूपक वापरलं आहे. पण बस एकदाही दाखवलेली नाही. हा निर्णय आपण कधी घेतलात?"

"कुठली बस?" मारेखी म्हणाली.

"तीच. ब्रेक न लागणारी."

रंगनाथराव पुढे झाले. बोलताना त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं, कारण श्यामलाबाईंकडे पाहण्याचं धाडस नव्हतं.

"सर, बस चिलीची आहे. पुढच्या रविवारची. फाइलींची नावं मी बदलली. मॅडम, आपल्या सिनेमावर आम्ही दुसऱ्याच सिनेमाच्या ओळी वाचल्या. चूक सर्वस्वी माझी. माझ्या पत्नीचा, तिच्या निवडीचा यात काही संबंध नाही. तिने मला हात लावू नका म्हणून बजावलं होतं." मग, आता निघालंच आहे तर, म्हणून पुढे म्हणाले, "आणि टिपण मी सिनेमा न बघता लिहिलं."

"ते आम्हाला माहीत आहे," मागच्या रांगेतून एक आवाज आला.

"आजचं?"

"एकोणीस वर्षांचं," पारसनीस सर म्हणाले आणि वही मिटली. मग स्वतःशीच पुटपुटले, "पण 'हा माझा नेहमीचा मार्ग नाही' चांगलं होतं."

तनयाने मारेखीला सगळं समजावलं. आधी मारेखीचा चेहरा उतरला. सबटायटलवर तिने आठ महिने घालवले होते, दोन भाषांतरकार बदलले होते. ते ऐकून रंगनाथरावांना जमिनीत शिरावंसं वाटलं. मग तिने विचारलं, गाय मागे सरते तेव्हा खाली काय आलं होतं? तनयाने सांगितलं. मारेखी हसायला लागली ती थांबेना. शेवटी म्हणाली, दुवा आणखी आठवडाभर चालू ठेवते, शनिवारी योग्य ओळींसह पुन्हा दाखवा. आणि त्या आजींना विचारा, त्यांना मला काही विचारायचं आहे का.

मुक्ताईंना होतं. "गाईनं दिलं का दूध त्याला? का तसंच बसवलं?"

मारेखी म्हणाली, सिनेमा तिथेच संपतो. पण गाय खरी होती, तिच्या मावशीची. मावशीला विचारून कळवते.

दोघं नवरा-बायको घरी चालत निघाले. कुंभारवाड्याच्या वळणावर रंगनाथराव म्हणाले, "तू रागावली असशील."

"तिसऱ्या मिनिटाला कळलं होतं मला."

रंगनाथराव थांबले. "काय?"

"अहो, सिनेमा मी निवडलाय. दोनदा बघितलाय. उठणारच होते. पण मुक्ताई म्हणाल्या, बस गं, मडकी बघ. दोनदा बघूनही मला ते दोरे दिसले नव्हते. मी खालच्या ओळी वाचत होते ना. मग म्हटलं, राहू दे, बघू या." थोडं पुढे जाऊन त्या म्हणाल्या, "तुमच्या माना बघायलाही मजा येत होती."

घरी आल्यावर श्यामलाबाई आत गेल्या. रंगनाथराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले आणि माठाजवळच उभे राहिले. फळीवरच्या डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. पंधरा दिवसांपासून होत्या. 'तूरडाळ'. 'हरभराडाळ. तूर नव्हे'. 'चहा : दोन कपांना तीन चमचे, वर नाही'. श्यामलाचं विसरणं वाढतंय असा निष्कर्ष त्यांनी काढला होता आणि तिचं मन दुखावू नये म्हणून काही न बोलता पावशेर बदाम आणून ठेवले होते. फ्रीजमध्ये लिंबाच्या लोणच्याच्या तीन बरण्या होत्या. गेल्या रविवारी श्यामलाने त्यांना कुकर लावायला सांगितला होता. स्वतः दारात उभी होती.

हात मागे होते. त्यांना आता स्पष्ट आठवलं.

"श्यामला," ते म्हणाले. "तू कुठे निघालीयेस का?"

"तीन वेळा सांगितलंय. केरळात महोत्सव आहे, दिग्दर्शिकांचाच. तेरा दिवस. पुढच्या वर्षीचे सिनेमे निवडायचे तर बघून निवडायला नकोत? तुमच्यासारखं पुस्तक वाचून? शनिवारचा आणि रविवारचा खेळ झाला की सोमवारी गाडी. पाचव्या रविवारचा तनया बघेल."

"मी काय म्हणालो?"

"तिन्ही वेळा 'हं' म्हणालात. टिपण लिहीत होतात."

खिडकीत मांजर येऊन बसलं होतं. रोज दोन वेळा यायचं. श्यामलाबाई त्याला 'पाहुणी' म्हणत. त्यांनी बशी ठेवली की ते दूध पिई, आणि रंगनाथरावांनी ठेवली तर बशीकडे पाहून निघून जाई. श्यामलाबाईंनी बशी ठेवली. पाहुणीने दूध प्यायलं.

"हिचं कसं करणार?" रंगनाथराव म्हणाले.

"ते तुम्ही बघा. तिच्यावर चिठ्ठी लावता येत नाही."

शनिवारच्या खेळाला एकसष्ट माणसं आली. पहिली वीस मिनिटं सबटायटल बंद ठेवावीत, मग लावावीत, अशी सूचना नम्रता फडणीसांनी मांडली. ती मंजूर झाली. टिपण नव्हतं. कोरं पान वाटलं आणि वर एकच ओळ होती : 'आधी बघा.' रविवारी चिलीचा सिनेमा योग्य ओळींसह झाला आणि पारसनीस सरांनी बसचालक बाईच्या आरशाबद्दल पाच मिनिटं बोलून दाखवलं. तिला मागचं जग अख्खा वेळ दिसत असतं, प्रवाशांना ती दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मुक्ताई म्हणाल्या, "आता सर बघाया लागलं." पुढच्या वर्षीच्या निवडीवर मतदान महिनाअखेरीस आहे. सरांचं मत अजून कळलेलं नाही.

सोमवारी दुपारी श्यामलाबाई केरळला गेल्या. मंगळवारी पहाटे मारेखीचं ई-मेल आलं. मावशी म्हणते, पहिल्या दिवशी गाईने लाथ मारली, दुसऱ्या दिवशी नुसतं बघितलं, तिसऱ्या दिवशी दूध दिलं.

बुधवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी रंगनाथराव दातार श्यामलाबाईंची निळी शाल डोक्यावरून घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले आहेत. बशीत दूध आहे. पाहुणी समोरच्या कठड्यावर बसून त्यांच्याकडे बघते आहे. काल तिने हातावर पंजा मारला होता, तिथे पट्टी आहे.

आज दुसरा दिवस आहे.